सिंधूच्या पाण्यात वास्तववाद आणि उदारमतवाद: उजळणीचा सहा ओळींचा तक्ता

प्रश्न: मी एम. ए. राज्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे, सेटही द्यायची आहे. वास्तववाद आणि उदारमतवाद यांच्या फरकाचा अठरा ओळींचा तक्ता केलाय. तो पाठही झालाय. पण दीर्घोत्तरी प्रश्नात ‘उदाहरणासह चर्चा करा’ आलं की काहीच सुचत नाही, आणि बहुपर्यायी प्रश्नात दोन पर्याय सारखेच वाटतात. उजळणीचा तक्ता नक्की कसा करायचा?

उत्तर:

त्या अठरा ओळींतल्या बारा आजच काढून टाका. उरलेल्या सहा ओळींच्या डोक्यावर ‘मानवी स्वभाव’, ‘राज्य’, ‘युद्ध’ असे सुटे शब्द न लिहिता पूर्ण प्रश्न लिहा. शेवटी चौथा रकाना आखा आणि त्यात सगळ्या ओळींसाठी एकच उदाहरण चालवा. मी बावीस वर्षे हा विषय शिकवतो आणि उत्तरपत्रिकाही तपासतो. ज्यांचा तक्ता परीक्षेत कामाला येत नाही त्यांच्या तक्त्यात बहुतेक वेळा एकच चूक असते: तो विरुद्धार्थी शब्दांची यादी झालेला असतो. एकीकडे ‘स्वार्थी’, दुसरीकडे ‘परोपकारी’. एकीकडे ‘संघर्ष’, दुसरीकडे ‘सहकार्य’. एकीकडे ‘युद्ध अटळ’, दुसरीकडे ‘युद्ध टाळता येते’. पाठ करायला हे सोपे आहे, पण दोन्ही सिद्धांतांवर अन्याय करणारे आहे. या दोघांत बऱ्याच गोष्टी सामाईक आहेत आणि वाद सुरू होतो तो त्या सामाईक जमिनीवर उभे राहून. तो सामाईक भाग तक्त्यात नसेल, तर बहुपर्यायी प्रश्नातले दोन पर्याय सारखे वाटणारच.

तक्त्याआधी शब्दांचे बोलायला हवे, कारण मराठीतून शिकताना निम्मा घोटाळा तिथेच होतो. ‘अराजक’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दंगल, जाळपोळ, बेबंदशाही येते. आंतरराष्ट्रीय संबंधांत या शब्दाचा अर्थ एवढाच, की सार्वभौम राज्यांच्या डोक्यावर हुकूम चालवणारे कोणी नाही. भाऊबंदकीत बांध कोरला तर तहसीलदार आहे, कोर्ट आहे, निकाल अमलात आणायला पोलीस आहेत. दोन देशांच्या बांधावर असे कोणी नाही. सगळे शांत असतानाही या अर्थाने जग अराजकच असते. दुसरा शब्द ‘वास्तववादी’. रोजच्या बोलण्यात ‘जरा वास्तववादी हो’ म्हणजे स्वप्ने बघू नकोस. त्यामुळे मुले नकळत वास्तववाद म्हणजे खरे आणि उदारमतवाद म्हणजे भाबडे असे धरून चालतात, आणि उत्तराचा निकाल पहिल्याच वाक्यात लागून जातो. तिसरा शब्द ‘नवउदारमतवाद’. वर्तमानपत्रात तो खासगीकरण आणि खुल्या बाजाराच्या धोरणासाठी येतो. आपल्या पेपरातला ‘नवउदारमतवादी संस्थावाद’ ही वेगळी गोष्ट आहे, तिचा विषय आंतरराष्ट्रीय संस्था हा आहे. दरवर्षी काही उत्तरपत्रिकांत या संस्थावादाचा मांडणीकार कोहेन याच्या नावाखाली सरकारी कंपन्या विकण्याचे फायदे लिहिलेले सापडतात. तुमच्या वहीत तो शब्द नेहमी ‘संस्थावाद’ जोडूनच लिहा.

उदाहरण म्हणून मी भारत आणि पाकिस्तान यांच्यातला १९६० चा सिंधू जल करार घेतो. दोन्ही सिद्धांतांना त्यात भरपूर खाद्य आहे आणि दोघांनाही तो कुठेतरी अडवतो. एकाच बाजूने सहज लागू पडणारे उदाहरण उजळणीला फारसे उपयोगाचे नसते.

| प्रश्न | वास्तववाद | उदारमतवाद | सिंधू जल करार |
|---|---|---|---|
| राज्यांच्या वर कोणी आहे का? | नाही. म्हणून आपले रक्षण आपणच करायचे. | नाही. पण नियम आणि संस्था ही उणीव बरीच भरून काढतात. | १९४८ मध्ये कालव्यांचे पाणी बंद झाले, तेव्हा हुकूम देऊन ते सुरू करू शकेल असे वर कोणी नव्हते. |
| राज्य आतून कसे आहे, याने फरक पडतो का? | फारसा नाही (नववास्तववाद). | पडतो: लोकशाही, व्यापार, देशांतर्गत गट. | भारतात लोकशाही, पाकिस्तानात लष्करी राजवट, तरी करार झाला. |
| सहकार्य कशामुळे अडते? | दुसऱ्याच्या पदरात जास्त पडेल या भीतीने. | दुसरा शब्द फिरवेल या भीतीने. | वाटणी नद्यांची झाली. वाद राहिला तो धरणाच्या दरवाजांचा. |
| संस्था काय करतात? | बलवानांच्या सोयीपुरत्या चालतात. | माहिती देतात, फसवणूक उघडी पाडतात, वादाला वाट देतात. | स्थायी सिंधू आयोग, तटस्थ तज्ज्ञ, लवाद न्यायालय. |
| सत्ता कशात आहे? | लष्कर, भूगोल, साधने. | त्याशिवाय परस्परावलंबनातही. | भारत वरच्या अंगाला, पण पाणी अडवायला धरण लागते. |
| सिद्धांत कुठे अडतो? | ताकद असूनही नियम पाळला जातो तेव्हा. | सुरक्षेचा प्रश्न जिवावर आला की संस्था बाजूला सारली जाते तेव्हा. | तुलबुल १९८७ आणि बगलिहार २००७, एप्रिल २०२५. |

यात ‘मानवी स्वभाव’ ही ओळ नाही, ती मी मुद्दाम वगळली आहे. माणूस सत्तालोलुप आहे म्हणून राज्ये सत्तेमागे धावतात, हे मॉर्गेन्थाऊचे म्हणणे, १९४८ चे. वॉल्ट्झने १९७९ मध्ये हा धागा सोडला आणि नववास्तववाद मांडला. त्याच्या मते माणसे देवमाणसे असती तरी अराजक व्यवस्थेने राज्यांना तसेच वागायला लावले असते, कारण दुसऱ्याच्या मनात काय आहे याची खात्री कोणालाच नसते. दोघेही वास्तववादी, पण कारणे वेगळी. ‘वास्तववाद: मानवी स्वभाव स्वार्थी’ अशी ओळ केली की वॉल्ट्झ तिच्यात बसत नाही, आणि सेटमध्ये नेमका तोच प्रश्न येतो. ही गोष्ट तक्त्याखाली दोन वाक्यांत लिहून ठेवा.

आता चौथा रकाना नीट वाचता यावा म्हणून करारामागची हकीकत. फाळणीची रेषा पंजाबातल्या कालव्यांच्या जाळ्यावरून गेली. रावीवरचे माधोपूर आणि सतलजवरचे फिरोजपूर ही पाणी सोडण्याची ठिकाणे भारतात राहिली, आणि त्यांच्या पाण्यावर भिजणारी बरीच शेती पाकिस्तानात गेली. जैसे थे ठेवण्याच्या तात्पुरत्या कराराची मुदत ३१ मार्च १९४८ ला संपली आणि दुसऱ्या दिवशी पूर्व पंजाबने पाणी बंद केले. ४ मे १९४८ ला दिल्लीत समझोता होऊन पाणी पुन्हा सुरू झाले, पण पाकिस्तानच्या मनात जी भीती बसली ती गेली नाही. पुढे जागतिक बँकेने मध्यस्थी केली. वाटाघाटी जवळपास नऊ वर्षे चालल्या आणि १९ सप्टेंबर १९६० ला कराचीत नेहरू आणि अयुब खान यांनी सह्या केल्या. रावी, बियास, सतलज या पूर्वेकडच्या नद्या भारताला मिळाल्या. सिंधू, झेलम, चिनाब या पश्चिमेकडच्या पाकिस्तानला गेल्या आणि त्यांवर भारताला मर्यादित वापराची मुभा राहिली. पाण्याच्या हिशेबात पाकिस्तानकडे साधारण ८० टक्के गेले.

इथे ८० टक्क्यांचा आकडा पाहून बहुतेक जण घाईने लिहितात, की भारताने कमी वाटा स्वीकारला म्हणजे उदारमतवाद बरोबर ठरला. जरा थांबा. तिसरी ओळ इथे कसाला लागते, म्हणून तिच्यावर मी जास्त वेळ घालवतो.

एक साधी मांडणी करू. समजा एका करारातून ‘अ’ला ३ आणि ‘ब’ला ५ एवढा लाभ होतो, आणि करार झाला नाही तर दोघांना शून्य. निरपेक्ष लाभ पाहणारा ‘अ’ म्हणेल, शून्यापेक्षा ३ बरे, सही करू. सापेक्ष लाभ पाहणारा ‘अ’ म्हणेल, उद्या ‘ब’ माझ्यापेक्षा २ ने वरचढ होईल आणि तेच २ माझ्यावर वापरील, म्हणून सही नको. वास्तववादी ग्रीकोने १९८८ मध्ये संस्थावाद्यांना विचारलेला प्रश्न हाच. तुम्ही फक्त फसवणुकीची काळजी करता, पण दोघेही प्रामाणिक राहिले तरी वाढणाऱ्या अंतराचे काय? दोन्ही बाजूंना भीती वाटते, पण ती वेगवेगळ्या गोष्टींची, हे एवढे लक्षात ठेवले तरी बहुपर्यायी प्रश्नांतले निम्मे फसवे पर्याय उघडे पडतात.

आता ही मांडणी सिंधूला लावा. लाभ फक्त पाण्याच्या आकारमानात मोजला तर भारताने मोठी दरी पत्करली आणि वास्तववाद चुकला असे दिसते. पण जाणता वास्तववादी विचारेल, पाणी किती यापेक्षा कळ कोणाच्या हातात? पूर्वेकडच्या तिन्ही नद्यांवर भारताला पूर्ण मोकळीक मिळाली. भाक्रा आणि राजस्थान कालवा यांच्या पाण्यावरची टांगती तलवार गेली. पाकिस्तानलाही नेमके तेच हवे होते: आपल्या नद्यांची कळ शेजाऱ्याच्या हातात नको. वाटाघाटींच्या आधी, १९५१ मध्ये, डेव्हिड लिलिएन्थाल या अमेरिकी प्रशासकाने सुचवले होते की संपूर्ण खोरे एकच धरून दोन्ही देशांनी ते मिळून विकसित करावे. तसे झाले नाही. शेवटी नद्याच वाटून घेतल्या गेल्या. सामाईक विहिरीवर भांडणारे दोन भाऊ जशा दोन वेगळ्या विहिरी खणून घेतात, तसा हा करार आहे. एकमेकांवरचे अवलंबन कमी करून झालेले सहकार्य वास्तववादाच्या चौकटीत व्यवस्थित बसते. त्यात पैशाची बाजूही आहे. पाकिस्तानला पश्चिमेकडच्या नद्यांवरून जोडकालवे आणि धरणे बांधता यावीत म्हणून सुमारे ९० कोटी डॉलरचा निधी उभा राहिला. त्यात अमेरिका, ब्रिटन आणि इतर पाश्चात्त्य देशांचा पैसा होता, आणि भारताने ६ कोटी २० लाख पौंडांहून थोडी जास्त रक्कम दहा वार्षिक हप्त्यांत दिली. शीतयुद्धाच्या ऐन भरात पाकिस्तान पाश्चात्त्य लष्करी गटांत होता. वास्तववादी म्हणेल, बड्या सत्तेला गरज होती म्हणून ही संस्था उभी राहिली.

मग उदारमतवाद्याकडे काय उरते? चौथ्या ओळीत त्याची बाजू भक्कम आहे. इथे कोहेनचे १९८४ चे म्हणणे त्याच्याच अटींवर घ्या. तो अराजक मान्य करतो, राज्ये स्वार्थी असतात हेही मान्य करतो. तो एवढेच म्हणतो, की स्वार्थी राज्यांनाही संस्था परवडते, कारण ती माहिती स्वस्त करते आणि आज शब्द मोडला तर उद्याचे नुकसान डोळ्यांपुढे ठेवते. बडी सत्ता मागे हटली तरी अशी संस्था चालू राहू शकते, हाही त्याचाच मुद्दा. सिंधू करारात याची यंत्रणा दिसते. दोन्ही देशांचा एकेक आयुक्त असतो, दोघे मिळून स्थायी आयोग होतो, त्याची वर्षातून किमान एक बैठक व्हायची आणि नद्यांच्या प्रवाहाची आकडेवारी नियमित द्यायची. मतभेद झाला तर आधी आयोग, तिथे सुटला नाही आणि तो तांत्रिक असेल तर तटस्थ तज्ज्ञ, अर्थ लावण्याचा वाद असेल तर लवाद न्यायालय.

ही यंत्रणा कागदावर राहिली की चालली, हे ठरवायला बगलिहार पाहा. चिनाबवरच्या या जलविद्युत प्रकल्पाला पाकिस्तानची हरकत होती, की धरणाला दिलेल्या दरवाजांमुळे भारताला हवे तेव्हा पाणी धरता आणि सोडता येईल. भारताचे म्हणणे, हिमालयातली नदी प्रचंड गाळ आणते, दरवाजे नसतील तर तलाव गाळाने भरेल. वाद तटस्थ तज्ज्ञाकडे गेला. २००७ मध्ये स्विस अभियंता रेमंड लाफित यांनी निर्णय दिला. दरवाजे राहू दिले, पण धरणाच्या माथ्याजवळ ठेवलेली जादाची उंची दीड मीटरने कमी करायला सांगितली, आणि वीजनिर्मितीसाठी साठवायच्या पाण्याचे प्रमाणही घटवले. दोन अण्वस्त्रधारी देशांचे भांडण दीड मीटर काँक्रीटवर येऊन थांबले. तुमच्या उत्तरात ही एकच गोष्ट नीट मांडलीत, तर ‘संस्था वादाचे रूप बदलतात’ हे वाक्य परीक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही. त्याच्या जोडीला तुलबुल ठेवा. झेलमवरच्या या जलवाहतूक प्रकल्पाचे काम भारताने १९८४ मध्ये सुरू केले आणि पाकिस्तानच्या हरकतीनंतर १९८७ मध्ये थांबवले. वरच्या अंगाला असलेल्या, बलाढ्य देशाने आपल्याच हद्दीतले काम थांबवले, याचे उत्तर सहाव्या ओळीत वास्तववाद्याला द्यावे लागते.

उदारमतवादाच्या बाजूने सगळ्यात जास्त वेळा लिहिला जाणारा पुरावा मात्र तेवढा भक्कम नाही. ‘१९६५, १९७१ आणि १९९९ च्या युद्धांतही करार टिकला, म्हणून संस्था प्रभावी’ हे वाक्य मी शेकडो उत्तरपत्रिकांत वाचले आहे. करार टिकला हे खरे, १९६५ च्या युद्धानंतरही भारताचे हप्ते थांबले नाहीत हेही खरे. पण ‘म्हणून’ हा शब्द तपासा. पश्चिमेकडच्या नद्यांवर भारताकडे तेव्हा मोठी साठवण नव्हती. ज्या नदीला अडवणारे धरणच नाही, तिचे पाणी न तोडणे हा नियमाचा प्रभाव की क्षमतेचा अभाव? हे ठरवायची साधी कसोटी आहे. कृती करण्याची ताकद होती, कृतीत फायदा होता, तरीही नियमाकडे पाहून हात आखडला, असे प्रसंग शोधायचे. बगलिहार आणि तुलबुल या कसोटीला बरेच उतरतात, युद्धकाळ तेवढा उतरत नाही. हा भेद ज्या विद्यार्थ्याने केला, त्याच्या उत्तराला मी ‘चर्चा’ म्हणतो.

दुसरी ओळ थोडक्यात, पण ती चुकू नये. उदारमतवाद ही एकसंध गोष्ट नाही. लोकशाही शांततेची शाखा कांटच्या १७९५ च्या विचारांपासून निघते आणि डॉइलने १९८३ मध्ये ती नव्याने मांडली. तिचे म्हणणे, लोकशाही देश एकमेकांशी सहसा युद्ध करत नाहीत. ते कोणाशीच युद्ध करत नाहीत, असे ती म्हणत नाही. ‘एकमेकांशी’ हा शब्द गाळला की उत्तर चूक. व्यापाराची शाखा वेगळी, संस्थांची वेगळी. सिंधूच्या बाबतीत पहिल्या दोन शाखा फारशा उपयोगी पडत नाहीत, कारण १९६० मध्ये पाकिस्तानात लष्करी राजवट होती आणि दोन्ही देशांतला व्यापार एकमेकांना बांधून ठेवण्याइतका नव्हता. फक्त संस्थांची शाखा लागू पडते. ‘उदारमतवादाने सिंधू करार समजतो’ यापेक्षा ‘उदारमतवादाच्या या शाखेने समजतो, त्या दोन शाखांनी नाही’ असे लिहा.

आता २०२५. २२ एप्रिलला पहलगामचा हल्ला झाला आणि दुसऱ्याच दिवशी भारताने करार स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. सीमेपलीकडच्या दहशतवादाला दिलेला पाठिंबा पाकिस्तान विश्वासार्ह रीतीने आणि कायमचा सोडत नाही तोपर्यंत ही स्थगिती, अशी भूमिका घेतली. त्याआधी उरीच्या हल्ल्यानंतर २०१६ मध्ये आयोगाच्या बैठका थांबल्या होत्या, पण मार्च २०१७ मध्ये इस्लामाबादला बैठक झाली होती. २०२३ आणि २०२४ मध्ये भारताने करारात बदल करण्यासाठी पाकिस्तानला नोटिसा दिल्या होत्या. एकतर्फी स्थगितीचे कलम करारात नाही, दोघांनी नवा करार करेपर्यंत हा चालू राहील असे त्यात आहे. वास्तववादी म्हणेल, पाहा, सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला की कलमे बाजूला पडतात. हा त्याचा भक्कम मुद्दा आहे आणि उत्तरात तो पूर्ण ताकदीने मांडा. पण पाचवी ओळ विसरू नका. घोषणेने नदी थांबत नाही. चिनाब किंवा झेलमचे पावसाळ्यातले पाणी धरून ठेवायला मोठे तलाव लागतात आणि ते बांधायला वर्षे जातात. स्थगितीने लगेच बदलते ते आकडेवारी देणे, बैठका, आराखडे आधी कळवण्याचे बंधन. म्हणजे संस्था जे पुरवत होती नेमके तेच बंद होते. संस्थावादी यावरच बोट ठेवील: जी गोष्ट काढून घेणे ही शिक्षा ठरते, ती निरर्थक कशी? दोन्ही वाचने एकाच घटनेची आहेत. परीक्षेत दोन्ही द्या आणि मग तुमचे मत द्या. माझे मत विचाराल तर, करार का झाला हे वास्तववाद जास्त चांगले सांगतो आणि पाच-सहा दशके वाद धरणाच्या आराखड्यापुरता का राहिला हे संस्थावाद जास्त चांगले सांगतो. इतर कोणी उलट म्हणेल, त्याला पुरावे द्यावे लागतील एवढेच.

तक्त्यातून उत्तर कसे उतरते ते एका परिच्छेदात दाखवतो. प्रश्न समजा असा आहे: ‘आंतरराष्ट्रीय संस्था राज्यांच्या वर्तनावर परिणाम करतात का?’ तिसरी, चौथी आणि सहावी ओळ उचला आणि असे लिहा:

> ‘संस्थावादी आणि नववास्तववादी दोघेही अराजक गृहीत धरतात. मतभेद सहकार्याच्या अडसराबद्दल आहे. कोहेनला फसवणुकीची भीती महत्त्वाची वाटते, ग्रीकोला लाभातल्या अंतराची. सिंधू जल करारात नद्यांची वाटणी झाली, संयुक्त व्यवस्थापन नाही, यातून दुसऱ्या भीतीचा जोर दिसतो. मात्र २००७ च्या बगलिहार निर्णयानंतर भारताने धरणाची उंची कमी केली, हे केवळ सत्तेच्या हिशेबाने समजत नाही. २०२५ ची स्थगिती संस्थेची मर्यादा दाखवते.’

सहा वाक्ये झाली. पुढे प्रत्येक वाक्याचा परिच्छेद करायचा. यात ‘वास्तववाद म्हणजे’ अशी व्याख्या कुठे नाही, तरी दोन्ही सिद्धांत समजले आहेत हे परीक्षकाला दिसते.

उजळणी करताना पहिले तीन रकाने कागदाने झाका आणि फक्त चौथा वाचून प्रत्येक ओळीतला प्रश्न आणि दोन्ही उत्तरे मोठ्याने सांगा. उलट दिशेने पाठ केलेले तोंडावर असते, पण उदाहरणाकडून सिद्धांताकडे जाता येत नाही, आणि परीक्षेत नेमके तसेच जावे लागते. जिथे अडाल ती ओळ कच्ची. सगळ्या ओळी जमल्या की चौथा रकाना पुसून दुसरे उदाहरण भरा. मी विद्यार्थ्यांना युरोपचा कोळसा आणि पोलाद समुदाय देतो. १८ एप्रिल १९५१ ला पॅरिसमध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी तो करार केला आणि युद्धाला लागणारा कच्चा माल सामाईक यंत्रणेखाली आणला. इथे दुसरी ओळ एकदम बदलते, कारण सहाही देश लोकशाही आहेत. तिसरी ओळही बदलते, कारण इथे विहिरी वेगळ्या न करता एकत्र केल्या. पाचव्या ओळीत वास्तववाद्याला बोलायला जागा आहे: १९४९ पासून नाटोचे छत्र आणि युरोपात अमेरिकी फौजा होत्या, मग शांतता समुदायाने आणली की फौजांनी? ही ओळ भरताना पहिल्यांदा अर्धा तास लागतो. भरून झाली की ती सिंधूच्या पाचव्या ओळीशेजारी ठेवून वाचा.